दाबून सोडलेला हात लाल का होतो? ऊतींचा रक्तप्रवाह, पट्ट्याचा प्रयोग आणि नायट्रिक ऑक्साइड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी फोंड्यात परिचर्या शिकणाऱ्या मुलामुलींना शरीरक्रियाशास्त्र शिकवते. रक्तदाबाचा पट्टा दंडावर पाच मिनिटं फुगवून मग सोडायचा, हे प्रात्यक्षिक दर वर्षी होतं आणि दर वर्षी जवळपास तेच प्रश्न येतात. त्यातल्या एका प्रश्नाचं उत्तर पुस्तकांतही घाईघाईत दिलेलं असतं, म्हणून इथे सवडीने लिहिते आहे.

पट्टा सोडल्यावर नेमकं काय दिसतं?

पट्टा २०० मिलिमीटर पाऱ्यापर्यंत फुगवला की खालच्या हातात रक्त जाणं पूर्ण थांबतं. पहिल्या मिनिटात फारसं काही जाणवत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटाला हात फिकट, थोडा निळसर दिसू लागतो, तळहात गार लागतो, बोटं बधिरल्यासारखी होतात. पाचव्या मिनिटाला झडप उघडली की हवा सुस्कारा टाकत निघते आणि दोन-तीन सेकंदांत लाली पट्ट्याच्या कडेखालून कोपर, मनगट करत बोटांच्या टोकांपर्यंत धावत येते. हात शेजारच्या हातापेक्षा लाल आणि गरम होतो. मग दोन-तीन मिनिटांत सगळं पूर्ववत.

विश्रांतीत असलेल्या पुढच्या हाताच्या, म्हणजे कोपर ते मनगट या भागाच्या, दर १०० मिलिलिटर ऊतींतून मिनिटाला साधारण ३ मिलिलिटर रक्त वाहतं. झडप उघडल्यानंतरच्या पहिल्या काही सेकंदांत हा आकडा २५-३० पर्यंत जातो, म्हणजे आठ-दहा पट. या वाढीला रिॲक्टिव्ह हायपरेमिया म्हणतात. मराठी पुस्तकांत ‘प्रतिक्रियात्मक रक्ताधिक्य’ असाही शब्द सापडतो. मी वर्गात ‘लाट’ म्हणते आणि इथेही तेच म्हणेन.

पाच मिनिटं रक्त अडून राहिलं, ते सुटल्यावर जोरात येणारच ना? यात विशेष ते काय?

हा सर्वांत स्वाभाविक गैरसमज आहे. धरणाचं दार उघडल्यावर तुंबलेलं पाणी उसळतं, तसं इथे होत नाही. पट्ट्याच्या वरच्या बाजूला रक्त तुंबून राहिलेलंच नसतं. ते दुसऱ्या फांद्यांतून निघून गेलेलं असतं आणि धमनीतला दाब आधी होता तेवढाच असतो. दाब तेवढाच आणि प्रवाह मात्र दहापट, याचा अर्थ एकच निघतो: वाट रुंद झालेली आहे.

आमच्याकडच्या कुळागरात पाटाचं पाणी एकेका माडा-पोफळीच्या आळ्यात सोडताना माणसाला फिरावं लागतं, इथला बांध फोड, तिथला घाल. शरीरात मात्र झाडच आपल्या आळ्याचा बांध उघडतं. ज्या ऊतीला रक्त हवं, तीच आपल्या तोंडाशी असलेल्या बारीक धमन्यांचा, म्हणजे धमनिकांचा, स्नायू सैल करते. मेंदूला विचारावं लागत नाही. हाताचे मज्जातंतू निकामी झालेल्या माणसातही लाट येते.

धमनिकेची त्रिज्या किती वाढावी लागते, हे ऐकलं की मुलांना आश्चर्य वाटतं. प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात बदलतो. त्रिज्या फक्त १९ टक्के वाढली की प्रवाह दुप्पट होतो आणि त्रिज्या दुप्पट झाली तर सोळा पट. म्हणजे दहापट लाटेसाठी धमनिका दुप्पटही व्हावी लागत नाही.

रक्त हवं आहे, हे ऊतीला ‘कळतं’ कसं?

कळत नाही, साचतं. पेशी जगत राहतात, ऑक्सिजन वापरत राहतात आणि त्यांचा कचरा वाहून नेणारं रक्त थांबलेलं असतं. त्यामुळे बाहेरच्या द्रवात कार्बन डायऑक्साइड, आम्ल, पोटॅशियम आणि ॲडिनोसिन वाढत जातात आणि ऑक्सिजन उतरत जातो. यातली प्रत्येक गोष्ट धमनिकेच्या भिंतीतल्या गोल स्नायूला सैल करते. स्नायू सैल झाला की रक्त येतं, रक्त आलं की साचलेलं धुऊन जातं, धुऊन गेलं की स्नायू पुन्हा आवळतो. मागणी आणि पुरवठा यांची गाठ मारायला दुसऱ्या कोणाची गरजच पडत नाही. ही कल्पना जुनी आहे. रॉय आणि ब्राऊन यांनी १८७९ मध्येच ऊतींतून निघणारे पदार्थ रक्तवाहिन्या रुंदावतात असं मांडलं होतं.

पट्टा जितका वेळ ठेवाल तितकी लाट लांबते, हे थॉमस लुइस आणि ग्रँट यांनी १९२५ मध्ये माणसाच्या हातावर दाखवलं. साचत जाणारं काहीतरी यामागे आहे याचा हा सरळ पुरावा. कमी साचलं तर लवकर धुतलं जातं, जास्त साचलं तर उशिरा.

याला दुसरी एक बाजू आहे. धमनिकेच्या स्नायूला ताण आवडत नाही. आतून दाब वाढला की तो आवळतो, दाब उतरला की सैल होतो. बेलिस यांनी हे १९०२ मध्ये लिहून ठेवलं. पट्टा फुगवल्यावर खालच्या धमनिकांतला दाब कोसळतो, म्हणून काहीही साचण्याआधीच त्या थोड्या सैल झालेल्या असतात. पाच-दहा सेकंदच रक्त अडवलं तरी एक छोटी लाट येते, ती मोठ्या प्रमाणात यामुळे.

मग ही लाट नायट्रिक ऑक्साइडमुळे येते, असं आम्हाला शिकवलं ते?

हाच तो प्रश्न. नायट्रिक ऑक्साइड म्हणजे रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरातून सुटणारा आणि वाहिनी रुंदावणारा वायू. नेमकं उत्तर असं: लाटेचं शिखर बहुतांशी नायट्रिक ऑक्साइडचं नाही, पण लाटेने जे घडवून आणलं ते त्याचं आहे.

हे दोन भागांत बघायला हवं, कारण पट्टा सोडल्यावर दोन वेगवेगळ्या ठिकाणी दोन वेगळ्या गोष्टी होतात. पहिली गोष्ट होते खाली, स्नायूंत आणि त्वचेत पसरलेल्या धमनिकांत. तिथे साचलेल्या पदार्थांनी आणि उतरलेल्या दाबाने वाट आधीच रुंद करून ठेवलेली असते, म्हणून पट्टा सुटताच पहिल्याच काही ठोक्यांत शिखर गाठलं जातं. नायट्रिक ऑक्साइड बनवणारं विकर अडवणारं औषध हाताच्या धमनीत सोडून हे तपासलेलं आहे. शिखर जवळपास तसंच राहतं, लाटेची शेपटी मात्र थोडी आखडते. उलट पोटॅशियमला प्रतिसाद देणारे पेशीपटलावरचे दोन मार्ग, एक पोटॅशियमची वाहिनी आणि दुसरा सोडियम-पोटॅशियम पंप, एकत्र बंद केले की माणसाच्या हातातली लाट बरीचशी मावळते, हे २०१३ मध्ये दाखवलं गेलं.

दुसरी गोष्ट होते वर, दंडातल्या मोठ्या धमनीत. या धमनीला खालच्या उपासमारीचं काहीच कळलेलं नसतं. पण खालची वाट मोकळी झाल्यामुळे तिच्यातून अचानक आठपट वेगाने रक्त धावू लागतं. या धावणाऱ्या रक्ताची घासट धमनीच्या आतल्या अस्तराला जाणवते. ते अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडतं आणि धमनी रुंदावते, पण लगेच नाही. शिखर ओसरत आलेलं असतं तेव्हा, साधारण ४५ ते ६० सेकंदांनी ती सर्वांत रुंद होते. हात लाल झाला म्हणजे नायट्रिक ऑक्साइड सुटलं, असं म्हणणं म्हणूनच चूक. लाली हे कारण आहे आणि नायट्रिक ऑक्साइड हा त्याच्या पाठोपाठचा परिणाम.

हे अस्तर म्हणजे काय? आणि ते वायू कसा सोडतं?

प्रत्येक रक्तवाहिनीच्या आतल्या बाजूला एकाच पेशीच्या जाडीचा थर असतो, त्याला एंडोथेलियम म्हणतात. बराच काळ तो नुसता गुळगुळीत मुलामा समजला जात होता. तो बोलतो, हे कळलं ते कापण्याच्या पद्धतीतल्या एका फरकामुळे.

ब्रुकलिनमध्ये रॉबर्ट फर्चगॉट सशाच्या महाधमनीच्या पट्ट्या कापून त्यावर काम करत. ॲसिटिलकोलिन हे रसायन दिलं की पट्टी आवळायची. पण जिवंत प्राण्यात तेच ॲसिटिलकोलिन रक्तवाहिन्या रुंदावतं, हे कोडं होतं. धमनीच्या कड्या कापून पाहिल्या तर त्या सैल पडत. फरक कशाचा? पट्टी कापताना तिची आतली बाजू कुठेतरी घासली जायची आणि अस्तर निघून जायचं. कडीत ते शाबूत राहायचं. मग त्यांनी मुद्दाम अस्तर घासून काढलं, तर कडीही सैल पडेना. १९८० मध्ये त्यांनी आणि झवाद्झकी यांनी हे प्रसिद्ध केलं आणि अस्तरातून निघणाऱ्या अनोळखी पदार्थाला ‘अस्तरजन्य सैलावणारा घटक’ अशा अर्थाचं नाव मिळालं. तो पदार्थ म्हणजे नायट्रिक ऑक्साइड, हे १९८७ मध्ये ठरलं. १९९८ चं नोबेल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना मिळालं.

रसायन थोडक्यात असं. अस्तरातलं एक विकर आर्जिनिन नावाच्या अमिनो आम्लापासून, ऑक्सिजन वापरून, नायट्रिक ऑक्साइड बनवतं. घासट वाढली की हे विकर जागं होतं. वायूचा रेणू इतका लहान की तो पेशीपटलांतून सरळ शेजारच्या स्नायूत उतरतो, तिथे सायक्लिक जीएमपी नावाचा निरोप्या रेणू वाढवतो आणि स्नायू सैल पडतो. नायट्रिक ऑक्साइड काही सेकंदांतच संपतं, रक्तात उतरलं तर हिमोग्लोबिन ते लगेच टिपून घेतं. म्हणूनच ते लांब जात नाही, जिथे बनलं तिथेच काम करतं.

एक बारकावा माझ्या लक्षात उशिरा आला. या विकराला ऑक्सिजन लागतो. पट्टा फुगलेला असताना खालच्या ऊतींत ऑक्सिजनच कमी पडतो आणि रक्त थांबल्यामुळे घासटही नसते. म्हणजे नायट्रिक ऑक्साइडसाठी ही सर्वांत वाईट वेळ. शिखर त्याच्यावर का अवलंबून नसावं, हे त्यातून आपसूक पटतं.

हे मोजतात कसं? एक उदाहरण द्या.

दंडातल्या धमनीवर सोनोग्राफीचा प्रोब धरतात आणि तिचा व्यास मोजतात. १९९२ पासून ही पद्धत वापरात आहे. तिला एफएमडी म्हणतात, म्हणजे प्रवाहामुळे होणारं रुंदावणं. आकडे उदाहरणादाखल घेऊ.

पहिली, एकवीस वर्षांची निरोगी मुलगी. धमनीचा व्यास ३.८० मिलिमीटर. पट्टा पाच मिनिटं, मग सोडला. पहिल्या काही सेकंदांत रक्ताचा प्रवाह आठपट. व्यास मात्र तेव्हा जवळपास ३.८० च. पंचावन्नाव्या सेकंदाला तो ४.०५ झाला. वाढ ०.२५ मिलिमीटर, म्हणजे ६.६ टक्के.

दुसरे, पन्नाशीचे, वीस वर्षं सिगारेट ओढणारे गृहस्थ. व्यास ४.२० मिलिमीटर. पट्टा सोडल्यावर हात तितकाच लाल, प्रवाह सुमारे आठपटच. पण व्यास ४.३० च्या पुढे गेलाच नाही. वाढ २.४ टक्के.

लाट दोघांनाही सारखीच आली, म्हणजे खालच्या धमनिकांनी आपलं काम केलं. फरक वरच्या धमनीत आहे. आता विचारायचं: गृहस्थांचं अस्तर नायट्रिक ऑक्साइड देत नाही, की भिंतीतला स्नायूच कडक झाला आहे? त्यासाठी जिभेखाली नायट्रोग्लिसरीन देतात. हे औषध अस्तराला वगळून स्नायूत स्वतःच नायट्रिक ऑक्साइड पुरवतं. त्यांचा व्यास ४.८३ वर गेला, म्हणजे १५ टक्के वाढ. स्नायू उत्तम आहे, त्याला निरोपच पोचत नव्हता. धूम्रपानात असं होतं, कारण धुरामुळे वाढलेले ऑक्सिजनचे आक्रमक रेणू नायट्रिक ऑक्साइड बनताबनताच खाऊन टाकतात आणि विकरही बिघडवतात.

आणि समजा त्यांची लाटच चौपट आली असती तर? मग २.४ टक्क्यांवरून अस्तराला दोष देता आला नसता. घासटच कमी मिळाली, तर अस्तराने उत्तर तरी कशाला द्यायचं? म्हणून व्यासाबरोबर रक्ताचा वेग मोजणं सोडायचं नाही.

पट्टा कुठे बांधायचा यावर इतका वाद का?

कारण जागा बदलली की प्रश्नच बदलतो. धमनी दंडात मोजत असाल तर पट्टा तिच्या खाली, कोपर आणि मनगट यांच्या दरम्यान हवा. मग मोजायच्या धमनीत रक्त भरलेलंच राहतं, फक्त खालचा भाग उपाशी राहतो.

पट्टा दंडाच्या वरच्या टोकाला बांधला तर मोजली जाणारी धमनीही पाच मिनिटं उपाशी आणि दाबाविना राहते. पट्टा सुटल्यावर ती जास्त रुंदावते, आकडा मोठा दिसतो, पण त्यातला नायट्रिक ऑक्साइडचा वाटा कमी झालेला असतो. तसंच पाचऐवजी पंधरा मिनिटं पट्टा ठेवला तरी. मोठा आकडा म्हणजे चांगलं मोजमाप, असं इथे होत नाही. आमच्या वर्गातलं दंडावरच्या पट्ट्याचं प्रात्यक्षिक लाट दाखवण्यासाठी ठीक आहे, अस्तर तपासण्यासाठी नाही, हे मी मुलांना आधीच सांगते.

माझा एफएमडी ४ टक्के आला. मला हृदयविकार आहे का?

एका आकड्यावरून असं ठरत नाही. ३.८० मिलिमीटरच्या धमनीत प्रोब जरा सरकून मोजणी ०.१० मिलिमीटरने चुकली तर २.६ टक्के आपोआप येतात किंवा जातात. सकाळचा चहा, नुकतंच झालेलं जेवण, सिगारेट, अपुरी झोप, आदल्या दिवशीचा व्यायाम, खोलीतला गारवा, सगळ्यांनी आकडा हलतो. म्हणून किमान सहा तास उपाशी, चहा-कॉफी-तंबाखूविना, शांत आणि फार गार नसलेल्या खोलीत ही चाचणी करतात. शिवाय बारीक धमनी टक्केवारीत जास्त रुंदावते, त्यामुळे बायकांचा आकडा पुरुषांपेक्षा बहुधा मोठा येतो. मोठ्या गटांची तुलना करायला ही पद्धत चांगली आहे. एका माणसाचं निदान करायला वापरत नाहीत.

पट्टा सुटल्यावर मुंग्या येतात, त्याही लाटेमुळेच?

नाही. मुंग्या मज्जातंतूंच्या आहेत. रक्ताविना गप्प झालेले तंतू पुन्हा जागे होताना भलतेच संदेश पाठवतात. लाली ओसरल्यानंतरही त्या रेंगाळू शकतात.

हृदयातही असंच होतं का?

होतं, आणि तिथे त्याची निकड जास्त आहे. हातापायांचे स्नायू विश्रांतीत रक्तातला थोडाच ऑक्सिजन काढून घेतात, त्यामुळे गरज वाढली तर त्याच रक्तातून अधिक काढता येतो. हृदयाचा स्नायू विश्रांतीतच सुमारे ७० टक्के ऑक्सिजन काढून घेतो. राखीव साठा जवळपास नाहीच. काम वाढलं तर रक्तच वाढवावं लागतं. तिथे ॲडिनोसिन महत्त्वाचं असावं असं बर्न यांनी १९६३ मध्ये मांडलं. पुढे कळलं की तो एकटा नाही, एक अडवला तर दुसरे ती जागा भरून काढतात. फुप्फुसात मात्र उलटा नियम आहे. तिथे जिथे ऑक्सिजन कमी, तिथली वाट आवळते, म्हणजे रक्त हवेशीर भागाकडे वळतं.

आजी अंथरुणाला खिळलेली आहे. तिच्या माकडहाडावर लाल डाग दिसतो. ही लाटच का?

ही माहिती घरोघरी असायला हवी. सोप्यावर बराच वेळ कोपर टेकून बसलात तर उठल्यावर तिथे लाल ठसा दिसतो. ती लाटच आहे. आजीला कुशीवर वळवल्यावर दिसणारा लाल डागही सुरुवातीला तसाच असतो.

फरक बोटाने कळतो. डागावर बोट काही सेकंद दाबून धरा आणि उचला. दाबलेली जागा पांढरी पडून पुन्हा लाल झाली, तर रक्तवाहिन्या शाबूत आहेत, लाट आहे. ती ओसरेल, फक्त त्या बाजूवर पुन्हा लगेच झोपवू नका. दाबूनही लाली पांढरी पडलीच नाही, तर खालच्या ऊतींना इजा सुरू झाली आहे, ती दाबव्रणाची पहिली पायरी. त्या जागेला अजिबात भार देऊ नका आणि परिचारिकेला किंवा डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवा. डाग चोळू नका, चोळल्याने खालची ऊती आणखी फाटते. सावळ्या त्वचेत लाली दिसत नाही, तिथे आजूबाजूपेक्षा गरम लागणं, कडक किंवा पिचपिचीत लागणं, दुखणं, यावर भिस्त ठेवावी लागते.

पट्ट्याचा प्रयोग घरी करून बघू का?

पाच मिनिटांचा नको. डायलिसिससाठी हातात फिस्टुला असलेल्यांनी, स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर हाताला सूज येणाऱ्यांनी, रक्ताच्या गुठळीचा त्रास झालेल्यांनी आणि सिकलसेल असलेल्यांनी तर मुळीच नाही. लाट बघायचीच असेल तर पुढचा हात टेबलाच्या कडेवर दोन मिनिटं टेकवून ठेवा आणि उचला. आधी पांढरी रेघ दिसेल, मग तीच रेघ लाल होईल. ती लाल झाल्यापासून नाहीशी होईपर्यंतचे सेकंद मोजा, मग चार मिनिटं टेकवून पुन्हा मोजा. दुसऱ्या वेळी रेघ जास्त रेंगाळेल. लुइस आणि ग्रँट यांनी जे मोजलं, ते तुमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावरही दिसतं.